परतीची तारीख आणि पगारावरचा कर

परदेशातून कायमचे परतायचे ठरले की मुलांची शाळा, राहते घर, सामानाचा कंटेनर यांची आखणी महिनोन् महिने चालते. विमानाचे तिकीट मात्र बहुधा स्वस्त दर पाहून काढले जाते. त्या वर्षीच्या पगारापैकी कोणत्या भागावर भारतात कर लागेल, हे समजून घेण्याची सुरुवात याच तारखेपासून होते.

प्राप्तिकर कायदा मुख्यतः नागरिकत्व पाहत नाही, तर 1 एप्रिल ते 31 मार्च या काळात तुम्ही भारतात किती दिवस होता हे मोजतो. 182 किंवा अधिक दिवस भरले तर तुम्ही त्या वर्षासाठी रहिवासी. याशिवाय दुसरी कसोटी आहे: त्या वर्षात किमान 60 दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान 365 दिवस भारतात असाल, तरीही रहिवासी. दोन्ही लागू होत नसतील तर तुम्ही सहसा अनिवासी.

समजा, रत्नागिरीचा एक अभियंता बारा वर्षे दुबईत नोकरी करत होता. दरवर्षी 30 दिवस सुट्टीवर गावी यायचा. 10 ऑगस्ट 2025 ला तो कायमचा परतला. त्या दिवसापासून 31 मार्च 2026 पर्यंत 234 दिवस होतात, म्हणजे 2025-26 साठी तो रहिवासी झाला. आता एप्रिलपासूनच्या दुबईतल्या पगारावरही इथे कर भरायचा का?

नाही, कारण रहिवाशांमध्येही दोन प्रकार आहेत. आधीच्या दहापैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून 729 किंवा त्याहून कमी दिवस भारतात होता, तो ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ रहिवासी ठरतो. सीए मंडळी याला आरएनओआर म्हणतात. आपल्या अभियंत्याचे सात वर्षांतले दिवस जेमतेम 210 भरतात. त्यामुळे दुबईत काम करून दुबईतल्याच खात्यात घेतलेला पगार इथे करपात्र नाही. तिथल्या सेवेची ग्रॅच्युइटी ऑक्टोबरमध्ये त्याच खात्यात आली, तरी तीही नाही.

खरा घोटाळा पुढे होतो. कंपनी त्याला म्हणते, डिसेंबरपर्यंत घरून काम करा, पगार नेहमीप्रमाणे दुबईच्या खात्यात जमा होईल. पैसा भारतात आलाच नाही, तर कर कसला, असे त्याला वाटते. पण पगार तिथे उपजतो जिथे काम केले जाते. रत्नागिरीत बसून केलेल्या कामाचा पगार भारतातला आहे, मग कंपनी कुठलीही असो आणि खाते कुठलेही. तो अनिवासी असता तरी हा भाग करपात्रच राहिला असता. परदेशी कंपनी सहसा इथला टीडीएस कापत नाही, म्हणून आगाऊ कर त्याने स्वतः भरायला हवा. नाहीतर व्याज चढते.

याची उलट बाजूही आहे. परदेशातल्या कामाचा पगार थेट भारतातल्या खात्यात घेतला, तर ते उत्पन्न ‘भारतात मिळालेले’ मानले जाऊन वाद उभा राहू शकतो. पगार आधी तिथल्या खात्यात घ्यावा आणि मग इथे पाठवावा. आधीच मिळालेला पैसा नंतर भारतात आणल्यावर तो नव्याने उत्पन्न ठरत नाही.

ही सवलत कायमची नसते. 2026-27 साठी आधीच्या सात वर्षांचे दिवस 414 होतात, सवलत टिकते. पुढचे संपूर्ण वर्ष भारतात काढल्यावर 2027-28 साठी ते 749 होतात आणि दहापैकी नऊ वर्षांची कसोटीही उरत नाही. तेव्हापासून दुबईतल्या ठेवीचे व्याज किंवा घरभाडेही इथे करपात्र होते आणि परदेशातली खाती-मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. त्याच्या सुट्ट्या 30 ऐवजी 25 दिवसांच्या असत्या, तर बेरीज 724 झाली असती आणि आणखी एक वर्ष मिळाले असते!

तो 2 ऑक्टोबरला किंवा त्यानंतर परतला असता, तर 182 दिवस भरले नसते; आधीच्या चार वर्षांचे दिवसही 120 च असल्याने तो त्या वर्षी अनिवासीच राहिला असता. आगमनाचा दिवस मोजायचा की नाही यावर वाद होतात, म्हणून चार-पाच दिवसांची मोकळीक ठेवावी.

1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही दिवसांच्या या कसोट्या कायम आहेत. तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी जुन्या-नव्या पासपोर्टवरचे शिक्के समोर ठेवून मागच्या दहा वर्षांचे दिवस कागदावर मांडा, आणि परतल्यावर जुन्या कंपनीचे काम सुरू ठेवणार असाल, तर त्या पगारावरचा कर पहिल्याच महिन्यापासून बाजूला काढा.