जुम्म्याची नमाज : चार रकातींच्या दोन का होतात

मुसलमान रोज पाच वेळा नमाज पढतो. त्यातली दुपारची नमाज जोहरची. तिच्या चार फर्ज रकाती असतात, आणि इमाम त्यात कुराणातल्या आयती मनातल्या मनात पढतो, मागे उभ्या असलेल्यांना ऐकू येत नाहीत. शुक्रवारी सूर्य माथ्यावरून कलला की त्याच वेळी जुम्म्याची नमाज होते. तिच्या रकाती मात्र दोनच असतात आणि इमाम त्या मोठ्याने पढतो. दिवसाउजेडी इमामाचा आवाज ऐकू येतो तो एरवी ईदच्या नमाजेत. आठवड्याच्या रोजच्या क्रमात हा मान फक्त शुक्रवारचा.

मग उरलेल्या दोन रकाती गेल्या कुठे? त्यांची जागा खुतब्याने घेतली, असे काही जुने विद्वान मानत. खुतबे दोन असतात. खतीब मिंबरावर चढतो, लोकांकडे तोंड करून सलाम करतो आणि बसतो. त्याच्या समोर अजान होते. मग तो उभा राहून पहिला खुतबा देतो, काही क्षण खाली बसतो आणि पुन्हा उठून दुसरा देतो. त्यानंतरच नमाज उभी राहते. खुतबा झालाच नाही तर जुम्माही होत नाही, सगळ्यांना जोहरच्या चार रकाती पढाव्या लागतात. ईदच्या दिवशीही खुतबा असतो, पण तो नमाजेनंतर येतो आणि राहून गेला तरी नमाज मोडत नाही. जुम्म्याच्या खुतब्याला केवळ प्रवचन म्हणता येत नाही ते यामुळे.

खुतबा चालू असताना पाळायची शांतता याच हिशेबाने पाहावी लागते. शेजारचा बोलत असेल तर त्याला ‘गप्प बस’ म्हणणेही वावगे, असे पैगंबरांनी सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. नमाजेत जसे कोणी कोणाशी बोलत नाही, तीच शिस्त इथे बरीचशी लागू होते. ही शिस्त सुरुवातीपासून सहज अंगवळणी पडलेली नव्हती. मदिनेत एका शुक्रवारी पैगंबर उभे राहून बोलत असताना व्यापारी तांडा आल्याची खबर लागली आणि लोक तिकडे धावले. मागे बाराच जण उरले, असे हदीस सांगते. कुराणाच्या ६२व्या सूरेच्या शेवटी या प्रसंगाचा उल्लेख आहे. त्याच्या आधीच्या दोन आयतींत सगळी घडी बसवलेली दिसते : शुक्रवारची हाक आली की खरेदी-विक्री थांबवा, आणि नमाज संपली की पांगा, आपापली रोजी शोधायला लागा. म्हणजे शुक्रवार सक्तीच्या सुटीचा दिवस नाही. व्यवहार थांबतो तो तेवढ्या वेळापुरता.

शुक्रवारच्या दोन अजानींचे मूळही बाजारातच आहे. पैगंबरांच्या काळी खतीब मिंबरावर बसल्यावर होणारी एकच अजान होती. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात मदिनेची वस्ती वाढली, तेव्हा लोकांना आधी सूचना मिळावी म्हणून त्यांनी बाजारातल्या जौरा नावाच्या ठिकाणाहून आणखी एक अजान द्यायला लावली. आज आपल्याकडे बहुतेक मशिदींत पहिली अजान होते, लोक जमतात, उर्दूत बयान होते, सुन्नत पढल्या जातात आणि दुसऱ्या अजानीनंतर खुतबा सुरू होतो.

रोजची नमाज घरी, शेतात, दुकानाच्या मागच्या खोलीत एकट्याने पढली तरी होते; जमातीने पढण्याचे पुण्य अधिक, एवढेच. जुम्मा एकट्याने होतच नाही. तो चुकला तर जुम्मा म्हणून त्याची कजाही नाही, जोहरच पढायची. आजारी माणसावर, प्रवाशावर आणि स्त्रियांवर तो फर्ज नाही. पण त्यांनी जमातीत पढला तर तो होतो आणि वेगळी जोहर लागत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मशिदीत मोजक्या माणसांनी जुम्मा उभा केला आणि बाकीच्यांनी उलेमांच्या सांगण्यावरून घरी जोहर पढली, ती याच नियमामुळे.

जमात म्हणजे किती माणसे, याचे उत्तर महाराष्ट्रात दोन प्रकारे मिळते. देशावर, विदर्भ-मराठवाड्यात बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई. मुंबईची १८०२ साली पूर्ण झालेली, पोटात पाण्याचे तळे असलेली जामा मशीद कोकणी मुसलमानांचीच. हनफी मतानुसार इमामाखेरीज तीन पुरुष पुरतात, मात्र गाव अगदी लहान असेल तर तिथे जुम्मा नाही. शाफई मताला गावाच्या आकाराची अट नाही, पण इमामासह चाळीस पुरुष हवेत, आणि तेही त्याच वस्तीत कायमचे राहणारे. जिथले कर्ते पुरुष मुंबईत, आखातात किंवा जहाजावर नोकरीला असतात, तिथे चाळीसचा आकडा भरणे हा खरा प्रश्न होतो. शाफई परंपरेतच कमी संख्येला मान्यता देणारी मते आहेत, आणि गावांना त्यांचा आधार आहे.

उशिरा आलेल्या माणसाचे काय होते हे पाहिले की हा फरक आणखी कळतो. समजा, खतीब बोलत असताना दोघे जण वजू करून आत आले. शाफई माणूस आधी दोन लहानशा रकाती पढतो आणि मग बसतो, कारण खुतब्याच्या वेळी येऊन तसाच बसलेल्या सुलैक नावाच्या सहकाऱ्याला पैगंबरांनी तसे करायला लावले होते. हनफी माणूस तसाच खाली बसून ऐकू लागतो. आता समजा, ते आणखी उशिरा आले आणि इमाम दुसऱ्या रकातीच्या रुकूमधून उठलेला आहे. दोघेही जमातीत सामील होतात. इमामाने सलाम फिरवल्यावर हनफी माणूस उठून दोन रकाती पुऱ्या करतो आणि त्याचा जुम्मा होतो. शाफई माणसाला एकही पूर्ण रकात मिळालेली नसल्याने तो चार रकाती पढतो. त्याची जोहर झाली, जुम्मा हुकला. रुकू सापडला असता तर एकच रकात वाढवून त्याचाही जुम्मा झाला असता. रोजच्या नमाजेत उशीर झाला तर राहिलेल्या रकाती भरून काढल्या की झाले; नमाजेचा प्रकारच बदलण्याची वेळ येत नाही.

खुतब्याच्या भाषेवर आजही वाद होतात. शाफई मतानुसार अल्लाची स्तुती, पैगंबरांवर दरूद, ईशभय बाळगण्याचा उपदेश, एक आयत आणि श्रद्धावंतांसाठी दुआ ही पाच अंगे अरबीत हवीत. मधला उपदेश लोकांच्या भाषेत चालतो. भारतातल्या हनफी मशिदींत सहसा सगळा खुतबा अरबीत होतो. अरबी न कळणाऱ्यांना त्या दिवसाचे सांगणे मिळते ते आधीच्या बयानातून. तुर्कस्तानही हनफीच, पण तिथे गेल्या शतकात खुतबा तुर्कीत आला. परंपरेचा मान राखूनही मला वाटते, ज्या भाषणासाठी दोन रकाती सोडल्या, ते ऐकणाऱ्याला कळायला हवे.

दुसऱ्या खुतब्यातल्या दुआत राज्यकर्त्याचे नाव घेण्याची प्रथा पडली आणि खुतब्याला राजकीय वजन आले. नाण्यावर आणि खुतब्यात ज्याचे नाव, सत्ता त्याची. एप्रिल १५२६ मध्ये पानिपत जिंकल्यावर दिल्लीच्या मशिदीत बाबराच्या नावाने खुतबा पढला गेला. दख्खनमध्ये तर यावरून तहाची कलमे लिहिली गेली. गोवळकोंड्याचे कुतुबशहा शिया होते. त्यांच्याकडे खुतब्यात बारा इमामांची आणि इराणच्या शहाची नावे घेतली जात. १६३६ साली शहाजहानने अब्दुल्ला कुतुबशहाला नमवले, तेव्हा मान्य करायला लावलेल्या अटींत खंडणी होतीच. त्याबरोबर खुतब्यात चार खलिफांची नावे घ्यायची आणि इराणच्या शहाऐवजी मोगल बादशहाचे नाव घ्यायचे, हीही अट होती.