त्वचेखाली दीड सेंटिमीटरवर

पोटात किंवा ओटीपोटात खोल असलेल्या गाठीवर रेडिएशन द्यायचं म्हटलं की रुग्णाच्या घरच्यांची पहिली काळजी असते ती कातडीची. किरण बाहेरून आत जाणार, म्हणजे सगळ्यात जास्त मार कातडीलाच बसणार, असं कुणालाही वाटेल. जुन्या एक्स-रे मशीनच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. आजच्या लिनॅकच्या, म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटरच्या, किरणांत मात्र सर्वाधिक डोस त्वचेच्या आत काही अंतरावर पडतो.

हे आकड्यांत सांगणारा एक आलेख प्रत्येक रेडिएशन विभागात असतो. त्याला पर्सेंटेज डेप्थ डोस म्हणतात, बोलताना नुसतं पीडीडी. किरणांच्या मार्गावर जिथे सर्वांत जास्त डोस पडतो तो शंभर टक्के धरायचा आणि बाकी प्रत्येक खोलीवरचा डोस त्याच्या किती टक्के आहे ते मांडायचं. ६ एमव्हीचं, म्हणजे ६ मेगाव्होल्टचं, किरण घ्या. झोताचा चौकोन १० बाय १० सेंटिमीटर आणि किरणांच्या उगमापासून त्वचेपर्यंतचं अंतर १०० सेंटिमीटर. आलेख सुरू होतो साधारण १५ ते २० टक्क्यांपासून, उभ्या चढणीने वर जातो, दीड सेंटिमीटरवर शंभरला पोचतो आणि मग सावकाश उतरतो. १० सेंटिमीटरवर सुमारे ६७ टक्के उरतात, २० सेंटिमीटरवर ३८.

पहिल्या दीड सेंटिमीटरातली ही चढण म्हणजे बिल्ड-अप. ती का येते ते कळलं की पुढचं सगळं उलगडतं. फोटॉन स्वतः पेशींत फारसा डोस सोडत नाही. तो एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देतो आणि तो इलेक्ट्रॉन पुढे धावत धावत आपली ऊर्जा वाटेत टाकत जातो. डोस म्हणजे ही टाकलेली ऊर्जा. डेपोतून जवळपास रिकामी निघालेली एसटी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक थांब्यावर सारखेच प्रवासी चढतात आणि प्रत्येक जण चार थांबे जाऊन उतरतो. पहिले चार थांबे गाडी भरतच जाते, त्यानंतर चढणारे आणि उतरणारे सारखे होतात. त्वचा हा इथला पहिला थांबा. तिच्यापाशी इलेक्ट्रॉन निघतात खरे, पण ऊर्जा टाकतात ते पुढे. मागून येऊन तिच्यात ऊर्जा टाकणारे इलेक्ट्रॉन मात्र जवळजवळ नसतात. पुढे खोलवर फोटॉनच कमी होत जातात आणि उगमापासूनचं अंतरही वाढतं, म्हणून उतार लागतो.

इलेक्ट्रॉन किती लांब धावतो यावर शिखर कुठे येणार हे ठरतं. जुन्या २५० किलोव्होल्टच्या मशीनमध्ये तो मिलिमीटरच्या अंशातच थांबायचा, त्यामुळे शिखर थेट त्वचेवर. कोबाल्टच्या गॅमा किरणांत ते अर्ध्या सेंटिमीटरवर गेलं. १९५१ साली कॅनडात कोबाल्टचे पहिले उपचार सुरू झाले, आणि आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेलं भाभाट्रॉन हे याच जातीचं मशीन. १५ एमव्हीला शिखर जवळजवळ तीन सेंटिमीटरवर जातं.

आता हिशेब करू. गाठ १० सेंटिमीटर खोल आहे आणि तिला एका दिवसात २ ग्रे द्यायचे आहेत. एकाच बाजूने ६ एमव्हीचं किरण सोडलं तर २ ला ०.६७ ने भागायचं. दीड सेंटिमीटरवर ३ ग्रे पडतील आणि त्वचेवर अर्धा ग्रे. जुन्या किलोव्होल्ट मशीनमध्ये १० सेंटिमीटरवर जेमतेम एक तृतीयांश डोस पोचायचा. तेवढ्याच २ ग्रेसाठी त्वचेला ६ ग्रे सोसावे लागत. अनेक दिवसांच्या उपचारात त्वचा आधी हार मानायची आणि गाठीला पुरेसा डोस देणंच शक्य व्हायचं नाही. मेगाव्होल्ट किरणांनी सोडवलेला सर्वांत मोठा प्रश्न माझ्या मते हाच आहे.

प्रत्यक्षात एकाच बाजूने उपचार क्वचित होतात. २० सेंटिमीटर जाडीच्या ओटीपोटावर समोरून आणि मागून किरण दिले तर प्रत्येकाकडून मध्यावर १ ग्रे हवा. म्हणजे प्रत्येकाच्या शिखरावर दीड ग्रे. पुढच्या त्वचेला समोरच्या किरणातून पाव ग्रेच्या आसपास मिळतो, पण मागच्या किरणाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर ती आहे, आणि तिथे दीडच्या ३८ टक्के, म्हणजे अर्ध्या ग्रेहून थोडा जास्त डोस असतो. बाहेर पडताना बिल्ड-अपचं संरक्षण नाही. एकूण सुमारे ०.८ ग्रे. त्यातला मोठा वाटा पलीकडच्या किरणाचा आहे हे ऐकून विभागात नवीन आलेली मुलंसुद्धा चकित होतात.

हे संरक्षण मोडायला फार काही लागत नाही. किरणांच्या वाटेत त्वचेला लागून काहीही आलं की चढण तिथेच सुरू होते. चेहऱ्यावरचा प्लॅस्टिकचा मास्क, पाठीखालचं टेबल, कपड्याची जाड घडी, सगळ्यांनी त्वचेचा डोस वाढतो. झोत मोठा घेतला की मशीनच्या डोक्यातून आणि हवेतून सुटलेले जास्त इलेक्ट्रॉन त्वचेवर येतात. किरण तिरकं पडलं तरी वाढतो. काखेत, जांघेत, स्तनाखालच्या घडीत कातडीवर कातडी बसते आणि वरची कातडी खालचीला बिल्ड-अप पुरवते. उपचारात आधी लाल होऊन सोलवटणाऱ्या जागा बहुतेकदा याच असतात.

चढण मोजणंही सोपं नाही. मोठ्या पाण्याच्या टाकीत आयन चेंबर खोलातून वर वर आणत आलेख काढतात. उतारावर हे उत्तम जमतं. पृष्ठभागाशी मात्र काही मिलिमीटर जाडीचं नळीसारखं चेंबर खऱ्यापेक्षा जास्त डोस दाखवतं, कारण एवढ्याशा अंतरातच डोस दुपटीने बदलतो. तिथे चपटं, समांतर पट्ट्यांचं चेंबर लागतं. त्वचेचा नाजूक थर ०.०७ मिलिमीटरवर मानतात, त्यामुळे नियोजनाच्या संगणकाने दाखवलेल्या त्वचेच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही.

आणि एका ठिकाणी हे संरक्षण नकोच असतं. कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतर छातीच्या भिंतीवर रेडिएशन देतात, तेव्हा त्वचा आणि तिच्या लगतचा पातळ थर हेच लक्ष्य असू शकतं. मग त्वचेवर बोलस ठेवतात. तो पाण्याइतक्याच घनतेचा, जेलीसारखा लवचिक पत्रा असतो, अर्धा किंवा एक सेंटिमीटर जाडीचा. चढण बोलसमध्येच पार पडते. सरळ पडणाऱ्या ६ एमव्हीच्या किरणात एक सेंटिमीटर बोलसखाली त्वचेचा डोस शिखराच्या अगदी जवळ जातो. डाग हाडाच्या उंचवट्यावर असेल तर पत्रा नीट बसत नाही, खाली हवा राहते. पोकळी मोठी असेल तर इलेक्ट्रॉन बाजूला पांगतात आणि त्वचेचा डोस पुन्हा खाली येतो. सीटी स्कॅनवर ती काळी फट दिसते. शंका असेल तर त्वचेवर छोटा डोसमापक चिकटवून एका दिवसाचा डोस मोजतात. बोलस रोज ठेवायचा की दिवसाआड, हे डॉक्टर आधी ठरवतात, पण उपचार चालू असताना त्वचा ओलसर होऊन सोलवटू लागली तर तो मध्येच थांबवतात. आतल्या भागाचे उरलेले उपचार तसेच चालू राहतात.