कॉलम जाड झाला, पण भार पोचला का?

जुन्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खालच्या पार्किंगमध्ये, एक दिवस कॉलमचा गिलावा उतरवला जातो. आत गंजलेल्या सळया दिसतात. मग त्यांच्याभोवती नव्या सळयांचा पिंजरा बांधतात, शटरिंग लावतात, काँक्रीट ओततात आणि महिन्याभरात कॉलम दीडपट जाड होऊन उभा राहतो. याला जॅकेटिंग म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, जाडी वाढली म्हणजे ताकद वाढली. ते खरं होतं की नाही, हे एकाच प्रश्नावर ठरतं: वरून येणारा भार या नव्या काँक्रीटपर्यंत पोचणार कसा?

कारण जॅकेट चढतं तेव्हा इमारत रिकामी नसते. वरचे चार मजले, पाण्याची टाकी, माणसं आणि कपाटं हे सगळं जुन्या कॉलमच्या अंगावर आधीच आहे. त्या ओझ्याखाली तो चाळीस वर्षांत जेवढा दबायचा तेवढा दबून गेलेला असतो. नवं काँक्रीट त्याच्याभोवती घट्ट होतं ते अगदी निवांत, अंगावर किलोभरही भार नसताना. डोक्यावर पोतं घेतलेल्या हमालाशेजारी दुसरा येऊन उभा राहिला म्हणून पहिल्याचं ओझं हलकं होत नाही, तसंच हे. यापुढे जो नवा भार येईल किंवा भूकंपात जो धक्का बसेल, त्यातच जॅकेट वाटा उचलतं. शिवाय नवं काँक्रीट सुकताना थोडं आकसतं आणि जुनं आता आकसत नाही, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर आधीच ताण असतो.

हे तोटे गृहीत धरूनच भारतीय मानकाने नियम केला आहे. आयएस १५९८८ या २०१३ च्या मानकात जुन्या आरसीसी इमारती तपासून मजबूत करण्याची पद्धत दिली आहे. ती सांगते, आधी आज लागणारा भार आणि वाकवणारा जोर काढा. तो पेलायला कॉलम नव्याने बांधला असता तर किती काँक्रीट आणि किती लोखंड लागलं असतं ते ठरवा. त्यातून जुन्याचं वजा करा. जी तूट उरेल तेवढीच भरून थांबू नका: काँक्रीट तुटीच्या दीडपट घाला आणि लोखंड चार तृतीयांशपट, म्हणजे एक तृतीयांश जास्त. हिशेबापेक्षा इतकं जास्त कशाला, असं कंत्राटदारही विचारतात आणि सोसायटीचे खजिनदारही. उत्तर वरच्या परिच्छेदात आहे.

एक कॉलम घेऊन हिशेब करू. समजा, १९८५ च्या सुमाराची चार मजली इमारत आहे आणि स्टिल्टमधला कॉलम २३ बाय ४५ सेंटीमीटरचा. काँक्रीट एम१५. तेव्हाच्या मानकात आरसीसीला एवढं चालत असे; २००० सालापासून किमान एम२० लागतं. आत १६ मिलिमीटरच्या सहा सळया. गंज खरवडल्यावर कॅलिपरने मोजल्या तर १४ मिलिमीटरच उरल्या आहेत. दोन मिलिमीटर गेले म्हणजे किरकोळ वाटतं, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटतं, त्यामुळे साडेबारा टक्के व्यास गेला की लोखंड जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी होतं. सहा सळयांचं मूळ क्षेत्रफळ १२ चौरस सेंटीमीटर होतं, आता सव्वानऊ आहे.

इंजिनिअरच्या हिशेबात आजच्या गरजेला ३५ बाय ६० चा कॉलम आणि २४ चौरस सेंटीमीटर लोखंड निघालं असं धरू. काँक्रीटची गरज २१०० चौरस सेंटीमीटर, हाताशी १०३५, तूट १०६५. तिची दीडपट सुमारे १६००. हे चारही बाजूंनी सारखं पसरलं तर जाडी सव्वानऊ सेंटीमीटरच्या आसपास येते. पण मानक १० सेंटीमीटरपेक्षा पातळ जॅकेट मान्य करत नाही, म्हणून १०. कॉलम झाला ४३ बाय ६५. लोखंडाची तूट पावणेपंधरा, चार तृतीयांश केल्यावर १९.७ चौरस सेंटीमीटर. चार कोपऱ्यांना २० मिलिमीटरच्या चार आणि सोबत १६ मिलिमीटरच्या चार सळया घातल्या की साडेवीस होतात.

नवं काँक्रीट जुन्यापेक्षा किमान एक पायरी, म्हणजे ५ मेगापास्कलने, वरचं हवं. इथे एम२० चाललं असतं, पण आपण एम२५ घेऊ.

आता रिंगा. सगळ्यांचं लक्ष उभ्या सळयांवर असतं, पण जॅकेट जुन्या कॉलमला आवळून धरतं ते रिंगांच्या जोरावर. मानकातल्या सूत्रात रिंगेच्या जाडीचा वर्ग येतो, त्यामुळे ५०० ग्रेडचं लोखंड, एम२५ आणि १० सेंटीमीटरचं जॅकेट असेल तर ८ मिलिमीटरच्या रिंगा दर ६४ मिलिमीटरला घालाव्या लागतात. १० मिलिमीटरची रिंग घेतली की १०० मिलिमीटरवर भागतं. दुसरा पर्याय बरा, कारण अंतर फार कमी झालं की काँक्रीट आत उतरत नाही. कॉलम उभाच आहे, त्यामुळे रिंग वरून सरकवता येत नाही. ती दोन तुकड्यांत आणून जागेवर बांधावी लागते. टोकं १३५ अंशांत आत वळवलेली हवीत. साइटवर ती ९० अंशांत वळवून सोडतात, कारण हात लवकर मोकळा होतो. भूकंपात कव्हर उडालं की अशी रिंग उघडते आणि मग आवळायला काही उरत नाही.

भार पोचण्याचा पहिला रस्ता जुन्या-नव्याच्या सांध्यातून जातो. त्यासाठी आधी जवळच्या बीमखाली टेकू लावतात. नुसते हाताने आवळलेले टेकू फारसा भार उचलत नाहीत. कॉलम खरोखर हलका करायचा तर हायड्रॉलिक जॅकने दाब द्यावा लागतो. मग सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढायचं. बरं दिसणारं काँक्रीटही फेनॉल्फ्थेलिन फवारून बघतात. गुलाबी झालं तर त्याचा क्षार शाबूत आहे आणि तो सळईला गंजापासून जपतो. रंग आला नाही तर ती राखण संपली आहे. समुद्राजवळच्या इमारतीत क्लोराईडही तपासावं लागतं. ते आत राहिलं तर गंज जॅकेटच्या पोटात चालूच राहतो आणि काही वर्षांनी नव्या कॉलमच्या कोपऱ्यात उभी चीर उमटते.

उरलेल्या चांगल्या पृष्ठभागावर टाचे मारून तो खडबडीत करतात आणि भोकं पाडून एल आकाराच्या छोट्या सळया इपॉक्सीने बसवतात. भोकातली धूळ फुंकून काढली नाही तर इपॉक्सी धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. अशी सळई हाताने ओढली तरी निघून येते, आणि चार-पाच सळया ओढून बघायला सोसायटीच्या माणसाला कुणाची परवानगी लागत नाही. नव्या-जुन्याला जोडणारं बाँडिंगचं रसायनही ओलसर असेतोवरच कामाचं. सकाळी लावून संध्याकाळी काँक्रीट ओतलं तर सुकलेला तो थर दोघांना जोडायच्या ऐवजी वेगळं ठेवतो.

दुसरा रस्ता वरच्या आणि खालच्या टोकाचा, आणि सगळ्यात जास्त चालढकल इथेच होते. जॅकेट फूटिंगपासून सुरू व्हायला हवं. म्हणजे पेव्हर ब्लॉक काढून, माती उपसून खाली जायचं आणि नव्या सळया फूटिंगमध्ये भोकं पाडून रोवायच्या. बऱ्याच ठिकाणी ते फरशीच्या पातळीवरच सुरू होतं. वरच्या टोकाला स्लॅबमध्ये भोकं पाडून सळया पुढच्या मजल्यावर न्यायच्या असतात. मधली सळई बीमला आडवी येते, म्हणून ती कोपऱ्याकडे सरकवतात. आपल्या कॉलमच्या ४३ सेंटीमीटरच्या बाजूवर २३ चा बीम येत असेल तर दोन्हीकडे दहा-दहा सेंटीमीटर जागा मिळते. पहिल्या मजल्यावरच्या रहिवाशाला आपल्या हॉलची फरशी फुटलेली नको असते, म्हणून सळया बीमखालीच कापल्या जातात. अशा जॅकेटचा अगदीच उपयोग नाही असं नव्हे. जुना कॉलम आवळला जातो आणि आडवा छेदून तुटण्याची भीती कमी होते. पण कॉलम वाकतो तो वर आणि खाली, सांध्यापाशी, आणि नेमक्या तिथे नवं लोखंड नसतं. बीमच्या पोटाखाली शेवटी उरलेली बोटभर फटही न आकसणाऱ्या ग्राउटने भरावी लागते. ती नुसत्या सिमेंटने लिंपली तर भाराला उतरायला जागाच नाही.

दहा सेंटीमीटरच्या फटीत सळया, रिंगा आणि कव्हर बसल्यावर व्हायब्रेटरची सुई जेमतेम शिरते. म्हणून इथे बहुधा आपोआप पसरणारं मायक्रोकाँक्रीट वापरतात. ते एकाच बाजूने ओतायचं, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. पिशवीवर लिहिलेल्या मापापेक्षा पाणी वाढवलं की ते छान वाहतं आणि नंतर जास्त आकसून चिरा पडतात. शटरिंग निघाल्यावर हातोडीने ठोकत जावं. भरीव ठिकाणी टणक आवाज येतो, पोकळ ठिकाणी बसका. शंका राहिली तर अल्ट्रासॉनिक चाचणी करता येते.

एक गोष्ट इंजिनिअरही कधी कधी विसरतात. कॉलमचा कणखरपणा जाडीच्या घनाने वाढतो. आपला कॉलम लांब बाजूच्या दिशेने साडेपाच पटींहून जास्त, तर अरुंद बाजूच्या दिशेने साडेनऊ पटींच्या आसपास ताठ झाला. भूकंपाचा धक्का ताठ कॉलमकडे जास्त जातो. त्यामुळे वीसपैकी जे तीन कॉलम फुटलेले दिसतात तेवढेच जाड करणं म्हणजे त्याच तिघांवर मोठा बोजा टाकणं. आणि तेही एका कोपऱ्यात असतील तर इमारत पिळवटते. मेक्सिको सिटीत १९८५ च्या भूकंपानंतर जॅकेटिंग मोठ्या प्रमाणावर झालं, पण तिथेही आधी सगळ्या इमारतीचा हिशेब लागतो, मग कॉलमचा. सगळे कॉलम घेतले तर फूटिंगही तपासायला हवं, कारण आपल्या हिशेबातल्या तीन मीटर उंच कॉलमवर एका मजल्यालाच सव्वा टनाहून जास्त काँक्रीट चढतं.

याच आकड्यांवरून बिलही तपासता येतं. त्या कॉलमला अर्ध्या घनमीटरहून थोडं जास्त काँक्रीट लागतं. उभ्या सळया जोड सोडून ४९ किलोच्या आसपास भरतात, आणि १०० मिलिमीटरवर घातलेल्या १० मिलिमीटरच्या तीस रिंगांचं वजन ३८ किलोच्या जवळपास होतं. बिलात रिंगांचं लोखंड उभ्या सळयांच्या चौथ्या हिश्श्याइतकं दिसलं तर रिंगा लांब लांब बांधल्या आहेत. शटरिंग चढण्याआधी पिंजऱ्याशेजारी मोजपट्टी धरून फूटिंगपाशी, मधे आणि बीमखाली असे तीन फोटो काढून ठेवावेत. काँक्रीट ओतल्यावर त्यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही.