रूळ कापण्याआधी

रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी मुंबईकर गाड्या कुठून कुठपर्यंत बंद हे बघण्यासाठी वाचतो. ब्लॉकमध्ये काम करणाऱ्यांच्या हातात मात्र वेगळाच कागद असतो. कुठलं काम कोणत्या कामानंतर, त्याला किती मिनिटं लागणार आणि रूळ कितीला परत द्यायचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. रात्रीच्या ब्लॉकमध्ये शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली लोकल येईपर्यंत जेवढा वेळ मिळतो तेवढाच त्यांचा, म्हणून तो कागद नीट वाचता येणं फार महत्त्वाचं.

समजा, रात्री 12.30 ते पहाटे 4 असा साडेतीन तासांचा, म्हणजे 210 मिनिटांचा ब्लॉक आहे. कामं दोन. एक, झिजलेल्या रुळाचा सुमारे 7 मीटरचा तुकडा काढून नवा बसवायचा. दोन, त्याच मार्गावर थोडं पुढे ओव्हरहेड वायरची दुरुस्ती करायची. पुढचे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, पण कामांचा क्रम खरा आहे.

रुळाचं काम आधी पाहू. तुकडा धरून ठेवणाऱ्या क्लिपा काढायच्या आणि कापायच्या जागेला वळसा घालणारी तात्पुरती केबल जोडायची, याला 25 मिनिटं. ही केबल टाळता येत नाही, कारण लोकलला वरून मिळणारी वीज परत जाते ती रुळातून, आणि तो रस्ता तुटलेला चालत नाही. मग दोन्ही टोकं कापून जुना तुकडा बाहेर काढायला 30 मिनिटं. नवा तुकडा आत घेऊन सरळ रेषेत बसवायचा आणि दोन्ही टोकांना साधारण 25 मिलिमीटरची फट ठेवायची, त्याला 35. प्रत्येक फटीभोवती साचा बसवून, रुळाची टोकं तापवून त्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. एका सांध्याला 30 मिनिटं, सांधे दोन, वेल्डिंगची टोळी एकच. शेवटचं पोलाद ओतल्यावर 30 मिनिटं त्यावरून गाडी सोडायची नाही, असा रेल्वेचा नियम आहे. त्यानंतर तपासणी आणि रूळ सुरक्षित असल्याचा निरोप, 15 मिनिटं. बेरीज 195. हातात 15 मिनिटं उरली.

संगणकावर आखणी केली असेल तर हाच क्रम ‘आधीचं काम’ या रकान्यात दिसतो. सातव्या ओळीसमोर `6FS+30 mins` असेल, तर सहावं काम संपल्यावर आणखी 30 मिनिटं थांबून सातवं सुरू करायचं. `6SS` म्हणजे सहावं सुरू झालं की हेही सुरू करता येतं. नुसता 6 असेल तर सहावं पूर्ण संपल्याशिवाय हात लावायचा नाही. या तिसऱ्या प्रकारच्या दुव्यांनीच बहुतेक कागद भरलेला असतो. दुव्यामागचं कारण मात्र कागदावर नसतं, ते वाचणाऱ्याला माहीत असावं लागतं. पोलाद थंड होण्याची 30 मिनिटं पदार्थाच्या स्वभावातून आलेली आहेत, ती कोणी घटवू शकत नाही. पहिल्या सांध्यानंतर दुसरा, हा क्रम मात्र टोळी एकच असल्यामुळे आला. दुसरी टोळी आणली तर दोन्ही सांधे एकदम होतील आणि 30 मिनिटं वाचतील.

आता वायरचं काम. 25,000 व्होल्टची वीज बंद करून तशी खात्री मिळवायला 10 मिनिटं, वायरला अर्थिंग जोडायला 15, दुरुस्तीला 90, अर्थिंग काढायला 15, वीज पुन्हा सुरू करायला 10. एकूण 140 मिनिटं, म्हणजे 2.50 ला काम पूर्ण. चारपर्यंत 70 मिनिटं मोकळी. दुरुस्तीची 90 मिनिटं ही दोन्ही याद्यांतली सर्वांत मोठी नोंद आहे, तरी ब्लॉकची वेळ तिच्यावर ठरत नाही. ती ठरते एकमेकांना जोडलेल्या कामांच्या सर्वांत लांब साखळीवर. या साखळीलाच क्रिटिकल पाथ म्हणतात. ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी 1957 च्या सुमारास तो काढण्याची गणिती रीत बसवली. इथे ही साखळी रुळाची आहे. वायरवर आणखी चार माणसं चढवली तरी ब्लॉक एक मिनिटही लवकर सुटणार नाही.

पण हे दोन कागद दोन वेगळ्या खात्यांचे आहेत, आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अशाच ठिकाणी. वायर दुरुस्त करणारी माणसं टॉवर वॅगनवर उभी राहून काम करतात, आणि ही वॅगन त्याच रुळावरून पुढे जायची आहे. क्लिपा काढलेल्या रुळावरून ती नेता येत नाही. म्हणजे वॅगन पुढे निघून गेल्याशिवाय पहिली क्लिपसुद्धा निघणार नाही. वॅगनला जायला 10 मिनिटं लागतात. हा दुवा रुळाच्या कागदावर नाही, कारण वॅगन त्यांची नाही. वायरच्या कागदावरही नाही, कारण क्लिपा त्यांच्या नाहीत. तो जोडला की रुळाची साखळी 205 मिनिटांची होते आणि हातात उरतात पाच मिनिटं. वायरच्या कामाला 70 मिनिटांची मोकळीक, पण त्याच कामाच्या वॅगनला फक्त पाच. वॅगनचा चालक ‘आपल्याकडे तासभर आहे’ असं समजून दहा मिनिटं उशिरा निघाला, तर पहाटेची पहिली लोकल रखडेल.

म्हणून पाळी सुरू होताना प्रत्येक टोळीच्या प्रमुखाला आपल्या कामांची यादी वाचायला लावण्यापेक्षा एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं: तुमची कोणती वस्तू, कोणता माणूस, कोणती परवानगी दुसऱ्याच्या जागेतून जाते? लपलेले दुवे याच्या उत्तरात सापडतात.

क्रिटिकल पाथ रात्रभर एकच राहील असंही नाही. दीड वाजता वायरवाल्यांना एक इन्सुलेटर फुटलेला आढळला आणि 75 मिनिटं वाढली, तर त्यांची साखळी 215 मिनिटांची होते. 140 वरून 215, आणि 4.05 ला वीज सुरू. आता उशीर ठरवणारी साखळी वायरची झाली, रुळाची मागे पडली. त्या क्षणापासून प्रमुखाचं लक्ष वायरकडे हवं. कागद साडेबाराला बनवून खिशात ठेवला तर हा बदल कळतच नाही. दर अर्ध्या तासाने प्रत्येक टोळीला ‘किती झालं’ यापेक्षा ‘अजून किती मिनिटं लागतील’ असं विचारायचं आणि उरलेली बेरीज पुन्हा करायची.

त्यातही एक घडी इतर सगळ्यांपेक्षा मोठी आहे. सगळं वेळेवर चाललं तर रूळ कापायला सुरुवात होते 1.05 ला. त्याआधी क्लिपा परत ठोकून रूळ आहे तसा देता येतो. एकदा कापला की दोन वेल्ड, अर्ध्या तासाची थांबणूक आणि तपासणी, हे सगळं झाल्याशिवाय गाडी जाऊ शकत नाही. कापणीपासून तपासणीपर्यंत 170 मिनिटं लागतात. म्हणून घड्याळात 1.10 वाजून गेले असतील आणि वेल्डिंगची दुसरी टोळी हाताशी नसेल, तर त्या रात्री करवत चालवायची नाही, आणि कंट्रोलला तसं कळवून ब्लॉक लवकर सोडायचा.