छत्रीच्या टोकावरची डब्बी

डीटीएचची छत्री बसवायला येणारा माणूस एक गोष्ट कुणालाही न विचारता करतो. एलएनबी नावाची मुठीएवढी डब्बी तो छत्रीच्या पुढे आलेल्या दांड्याच्या टोकाला लावतो. ऊन, पाऊस, कावळे, सगळं तिच्या वाट्याला. हीच डब्बी टीव्हीमागे सावलीत ठेवली आणि छत्रीपासून नुसती केबल आणली तर? तर पडद्यावर बहुधा काहीच दिसणार नाही. गंमत म्हणजे सामान तेच, केबल तीच. बदलला तो फक्त क्रम.

उपग्रह साधारण 36,000 किलोमीटरवर. साठ सेंटिमीटरच्या छत्रीने गोळा केलेला एका चॅनेलपट्ट्याचा सिग्नल एका वॉटच्या दहा लाखाव्या भागाचा पुन्हा दहा लाखावा भाग, फार तर त्याच्या दुप्पट. पण क्षीण सिग्नलची काळजी नसते, तो अँप्लिफायरने हवा तितका वाढवता येतो. अडचण ही की, त्याच्याबरोबर खरखरही वाढते.

ही खरखर येते कुठून? 1928 साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये जॉन जॉन्सन यांनी दाखवून दिलं की, कशालाही न जोडलेल्या साध्या रेझिस्टरच्या दोन टोकांतही व्होल्टेज सतत थरथरत असतं. त्याच संस्थेतल्या हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. धातूतले इलेक्ट्रॉन उष्णतेने सैरावैरा धावतात, त्याचा हा परिणाम. रेझिस्टर कार्बनचा की तारेचा, याने काही फरक पडत नाही. ही खरखर किती शक्ती देऊ शकेल ते दोनच गोष्टी ठरवतात: तापमान, आणि आपण किती रुंद पट्टा ऐकतो आहोत. तापमान मात्र निरपेक्ष शून्यापासून मोजायचं, केल्विनमध्ये. त्यामुळे 17 अंश सेल्सिअस म्हणजे 290 केल्विन आणि भर उन्हातले 42 अंश म्हणजे 315. फरक नऊ टक्क्यांहूनही कमी. तेव्हा डब्बी उन्हात तापली म्हणून चित्र गेलं, हे स्पष्टीकरण सहसा टिकत नाही.

अभियंते अँप्लिफायरची खरखरही केल्विनमध्येच सांगतात. अँप्लिफायरने स्वतःची जितकी भर घातली, तितकी घालायला त्याच्या तोंडाशी किती तापमानाचा रेझिस्टर लावावा लागला असता, हा तो आकडा. एलएनबीवर छापलेली नॉइज फिगर म्हणजे हीच गोष्ट डेसिबलमध्ये: 0.7 डेसिबल म्हणजे सुमारे 50 केल्विन. डब्बी स्वतः 310 केल्विनवर असताना तिची खरखर 50ची कशी? कारण ट्रान्झिस्टर हा रेझिस्टर नव्हे; सिग्नलच्या वाटेत खरा रोध त्यात फार थोडा असतो. बाजारात 0.1 डेसिबल छापलेल्या डब्ब्याही मिळतात. म्हणजे जेमतेम सात केल्विन. थंड न केलेल्या, घरगुती किमतीच्या डब्बीला या फ्रिक्वेन्सीवर ते जमणारं नाही. त्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये.

आता एकामागे एक टप्पे जोडले तर एकूण खरखर किती? डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि बेल लॅबमध्येच काम करणारे हॅराल्ड फ्रिस यांनी 1944मध्ये त्याचं उत्तर दिलं. केल्विनच्या भाषेत ते असं:

```
T = T1 + T2/G1 + T3/(G1·G2)
```

T ही त्या त्या टप्प्याची खरखर, G म्हणजे तो सिग्नल किती पट वाढवतो ते. दुसऱ्या टप्प्याची खरखर पहिल्याच्या वाढीने भागली जाते, तिसऱ्याची पहिल्या दोघांच्या. पहिल्याची मात्र कशानेच भागली जात नाही. सिग्नल दुसऱ्या टप्प्यापाशी पोचतो तेव्हा तो इतका मोठा झालेला असतो की, तिथली भर त्याच्यापुढे किरकोळ ठरते.

आकडे घालून बघू. एलएनबी 50 केल्विनची आणि सिग्नल तीन लाख पट वाढवणारी. मग वीस-पंचवीस मीटर केबल, जिच्यातून एक चतुर्थांश शक्ती पार होते. केबलही खरखर घालते. हिशेबाने 870 केल्विन. शेवटी सेट टॉप बॉक्सचा ट्यूनर, सुमारे 2,600 केल्विनचा, म्हणजे अगदीच सुमार. पण केबलचे 870 भागिले तीन लाख. आणि ट्यूनरचे 2,600 गुणिले चार, कारण मधल्या केबलने सिग्नल चौपट घटवला, भागिले तीन लाख. दोन्ही मिळून एका केल्विनच्या पंचविसाव्या भागाएवढीही भर नाही. छत्री आकाशातून आणि जमिनीकडून 50 केल्विन गोळा करते असं धरलं, तर एकूण 100. सिग्नल खरखरीच्या सुमारे पस्तीस पट राहतो. चित्रासाठी पाच-सहा पट पुरतं.

आता डब्बी टीव्हीमागे न्या. केबल पहिली आली: 870. तिच्यामागे एलएनबी: 50 गुणिले चार, म्हणजे 200. छत्रीचे 50 धरून एकूण 1,120. खरखर अकरा पट झाली आणि सिग्नल तिच्या जेमतेम तिप्पट उरला. चित्र गेलं. हाही हिशेब केबलला झुकतं माप देऊन केला आहे. उपग्रहाची फ्रिक्वेन्सी एलएनबी खाली आणते म्हणून केबलमध्ये एवढीच घट होते. मूळ बारा गिगाहर्ट्झवर ती कितीतरी जास्त असते.

पहिला टप्पा शांत असून भागत नाही, त्याने सिग्नल भरपूर वाढवायलाही हवा. वाढ तीन लाखांऐवजी दहाच पट असती, तर केबल आणि ट्यूनर मिळून आणखी 1,100 केल्विनच्या वर घुसले असते. म्हणूनच एलएनबीच्या आतही एका ट्रान्झिस्टरवर भागवत नाहीत, सर्वांत शांत तो सगळ्यात पुढे आणि त्याच्यामागे आणखी.

चित्र अडखळलं की दुकानदार ‘बूस्टर’ सुचवतो. घेण्याआधी सेट टॉप बॉक्सच्या मेनूत दोन पट्ट्या बघाव्या: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी खाली असेल, तर शक्ती पुरेशी आहे, बिघाड बहुधा केबलच्या आधीच आहे: छत्रीची दिशा हललेली, एलएनबीच्या तोंडाचं झाकण तडकून आत पाणी गेलेलं, किंवा गांधीलमाशीने घर केलेलं. इथे बूस्टर सिग्नल आणि खरखर सारख्याच पटीने वाढवतो. केबल फारच लांब असेल तरच त्याचा उपयोग.

पावसाचंही हेच, तोही पहिल्या टप्प्याच्या आधी येतो. सिग्नल निम्मा करणारी सर आली, तर नुकसान निम्म्यावर थांबत नाही. सिग्नल शोषणारे थेंब स्वतःच्या तापमानानुसार खरखरही पाठवतात, त्यामुळे शंभराचे दोनशेच्या वर केल्विन होतात. पस्तीस पट उतरून आठच्या आसपास येतं. सर आणखी जोरात आली की चित्र थिजतं.

मग पहिला टप्पा नेहमीच आणखी शांत करत जावं का? नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण पाहा. तिच्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांमध्येही पहिला अँप्लिफायर वर, तबकडीच्या केंद्रबिंदूपाशीच बसवलेला आहे. पण तो द्रव हेलियमने वगैरे थंड केलेला नाही. 150 मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशगंगेचीच खरखर शांत दिशेलाही तीनशे केल्विनच्या घरात असते, आकाशगंगेच्या पट्ट्याकडे वळलं तर त्याच्या कितीतरी पट. तिथे अँप्लिफायरमधले वीस-तीस केल्विन वाचवून हाती काही लागत नाही. 1,420 मेगाहर्ट्झवर, हायड्रोजन ऐकताना, तेच आकाश मोजक्या केल्विनांवर येतं, आणि तिथे मात्र त्या वीस-तीस केल्विनांसाठी झटणं परवडतं.