जास्त बनवलं की स्वस्त पडतं, पण कुठपर्यंत?

मंडळी, आज एक छोटा चकली कारखाना डोळ्यांसमोर आणू. आकडे सोयीसाठी मी घेतलेले आहेत. जागेचं भाडं आणि मशीनचा हप्ता मिळून महिन्याला ३६०० रुपये जातात. एकही पाकीट निघालं नाही तरी हे द्यावेच लागतात. भाजणी, तेल, पिशवी यांचे पाकिटामागे ४० रुपये. x पाकिटं काढली तर एकूण खर्च ३६०० + ४०x. त्याला x ने भागलं की सरासरी खर्च मिळतो: ३६००/x + ४०. अंशात बहुपदी, छेदातही बहुपदी, म्हणून हे परिमेय फलन.

आता x वाढवत न्या. ३६००/x लहान लहान होत जातो आणि सरासरी ४० च्या जवळ सरकते, पण ४० कधीच होत नाही. ४० ही इथली अनंतस्पर्शी रेषा. म्हणजे या हिशोबात जितकं जास्त बनवाल तितकं स्वस्त!

पण प्रत्यक्षात तसं होतं का? काम वाढलं की ओव्हरटाइम द्यावा लागतो, घाईत माल तुटतो. हा जादा खर्च ०.०१x² धरू. मग सरासरी होते ३६००/x + ४० + ०.०१x. आता x खूप मोठा झाला की आलेख ४० + ०.०१x या चढत्या तिरप्या रेषेला चिकटत जातो. सुरुवातीला भाड्यामुळे महाग, शेवटी गर्दीमुळे महाग. मग तळ कुठे?

३६००/x आणि ०.०१x यांचा गुणाकार करून पाहा. x कितीही असो, तो ३६ च येतो. दोन धन संख्यांचा गुणाकार ठरलेला असेल, तर त्या समान असताना त्यांची बेरीज सर्वांत कमी असते. म्हणून दोन्ही ६, x = ६०० आणि सरासरी ५२ रुपये. ताळा करा: ३०० पाकिटांना ५५ रुपये पडतात, १२०० लाही ५५ च.

आता समजा, एक व्यापारी म्हणतो, "महिन्याला १२०० घेतो, पण ५० रुपयांनी." ऑर्डर मोठी म्हणून हुरळून जाऊ नका. पाकिटामागे ५ रुपये, म्हणजे महिन्याला ६००० रुपयांचा तोटा आहे. आणि ५० हा भाव ५२ च्याही खाली असल्यामुळे, किती पाकिटं काढावीत यावर घासाघीस करून सगळा खर्च भरून निघणारच नाही.

एक चूक मात्र नेहमी होते. सर्वांत कमी सरासरी खर्च म्हणजे सर्वांत जास्त नफा, असं नाही. भाव ६० असेल तर ६०० पाकिटांवर ४८०० रुपये सुटतात. १००० पाकिटांना सरासरी ५३.६० पडते, तरी नफा ६४०० होतो. तेव्हा ५२ हा आकडा भाव ठरवताना वापरा. किती पाकिटं काढायची, ते मिळणाऱ्या भावावर ठरतं.