परमँगनेट, ऑक्झलेट आणि इलेक्ट्रॉनांचा हिशेब

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झलेट यांची अभिक्रिया बारावीच्या प्रयोगवहीत असते आणि रेडॉक्स समीकरणांच्या सरावपत्रिकेतही हमखास येते. पत्रिकेवर ती साधारण अशी छापलेली असते, शेजारी ‘आम्ल माध्यम’ एवढीच सूचना:

MnO₄⁻ + C₂O₄²⁻ → Mn²⁺ + CO₂

हे समीकरण नुसत्या नजरेने जुळवायला गेले, तर पुढील उत्तर फार सहज हाती येते:

MnO₄⁻ + C₂O₄²⁻ + 8H⁺ → Mn²⁺ + 2CO₂ + 4H₂O

मँगनीज, कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन, सगळे अणू दोन्हीकडे सारखे आहेत. तरीही समीकरण चूक आहे. डाव्या बाजूचा एकूण प्रभार +5 आहे आणि उजवीकडचा +2. परमँगनेटने पाच इलेक्ट्रॉन घेतले, ऑक्झलेटने मात्र दोनच दिले. उरलेले तीन आले कुठून, याचे उत्तर या समीकरणात नाही. अर्ध-अभिक्रिया पद्धत नेमका हाच हिशेब मांडते. ती देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची बाजू आधी वेगळी लिहिते.

परमँगनेटमध्ये मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक +7 असतो आणि तो +2 वर येतो, म्हणजे हे क्षपण. मँगनीजचे अणू दोन्हीकडे एकेक आहेतच. डावीकडच्या चार ऑक्सिजनसाठी उजवीकडे चार पाण्याचे रेणू लिहायचे, त्यातल्या आठ हायड्रोजनसाठी डावीकडे आठ H⁺. द्रावणात पाणी आणि आम्ल असतेच, म्हणून ही भर घालता येते. आता डावीकडचा प्रभार +7, उजवीकडचा +2. पाच इलेक्ट्रॉन डावीकडे घातले की प्रभार जुळतो:

MnO₄⁻ + 8H⁺ + 5e⁻ → Mn²⁺ + 4H₂O

इलेक्ट्रॉन नेहमी शेवटी घालायचे. आधी घातले तर H⁺ आल्यावर प्रभार पुन्हा बिघडतो. ऑक्झलेटची बाजू सोपी आहे. दोन कार्बनसाठी CO₂ चे दोन रेणू लिहिले की ऑक्सिजनही आपोआप जुळतो, फक्त प्रभार उरतो:

C₂O₄²⁻ → 2CO₂ + 2e⁻

घेतलेले इलेक्ट्रॉन पाच, दिलेले दोन. दोन्ही दहावर आणण्यासाठी पहिली अर्ध-अभिक्रिया दोनने आणि दुसरी पाचने गुणायची आणि बेरीज करायची. दहा इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंनी कटतात:

2MnO₄⁻ + 5C₂O₄²⁻ + 16H⁺ → 2Mn²⁺ + 10CO₂ + 8H₂O

ऑक्सिजन दोन्हीकडे 28, प्रभार दोन्हीकडे +4.

पत्रिका कागदावर न येता मोबाइलवर काढलेल्या फोटोतून आली असेल, तर खरा धोका सूत्रांच्या खांद्यावरच्या बारीक खुणांत असतो. वजाचे चिन्ह पुसट होते, 2 चा 3 दिसतो. यातल्या काही चुका स्वतःच उघड्या पडतात. C₂O₄²⁻ मधला 2 दिसला नाही आणि प्रभार −1 धरला, तर कार्बनचा अंक साडेतीन येतो. तिथेच थांबून फोटो मोठा करून पाहावा. MnO₄⁻ हे MnO₄²⁻ असे वाचले गेले, तर मात्र गणित एकदाही अडत नाही:

MnO₄²⁻ + 2C₂O₄²⁻ + 8H⁺ → Mn²⁺ + 4CO₂ + 4H₂O

अणू जुळतात, प्रभारही जुळतो, पण प्रश्नच दुसरा सोडवला जातो. प्रभाराची पडताळणी आकडेमोड तपासते, वाचन तपासत नाही. इथे रसायनशास्त्राची माहितीच कामी येते: हिरवे मँगनेट, म्हणजे MnO₄²⁻, तीव्र अल्कधर्मी द्रावणात टिकते आणि आम्लात विघटित होते. त्यामुळे ‘आम्ल माध्यम’ लिहिलेल्या पत्रिकेवर ते असण्याची शक्यता फार कमी. म्हणून पहिली रेघ ओढण्याआधीच प्रत्येक आयनाचा प्रभार मोठ्याने वाचून वहीत उतरवून घेणे हा वेळेचा अपव्यय नव्हे.

उत्तर पडताळताना आणखी एका गोष्टीने गोंधळ होतो. पत्रिकेत ऑक्झलेट आयनाऐवजी ऑक्झॅलिक आम्ल, H₂C₂O₄, दिले असेल, तर त्याच्या पाच रेणूंतून दहा H⁺ आधीच आलेले असतात आणि वेगळे सहाच लिहावे लागतात:

2MnO₄⁻ + 5H₂C₂O₄ + 6H⁺ → 2Mn²⁺ + 10CO₂ + 8H₂O

सोळा आणि सहा ही दोन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नासाठी बरोबर आहेत.

समीकरणातले H⁺ प्रत्यक्षातही तितकेच लागतात. प्रयोगात त्यासाठी विरल सल्फ्युरिक आम्ल वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करते आणि मापन चुकते. आम्ल कमी पडले, तर मँगनीज +2 पर्यंत उतरतच नाही, +4 वर थांबते आणि फ्लास्कमध्ये MnO₂ चा तपकिरी साका दिसू लागतो. अशा वेळी वर जुळवलेले समीकरण त्या फ्लास्कला लागू पडत नाही.